वेळापत्रकाचा फोटो तक्त्यात उतरवताना तासिका सरकतात, त्यावरचे उपाय

सातारा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शिकवतो आणि वेळापत्रकाचं कामही माझ्याकडेच असतं. जून संपता संपता माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कुणी शिक्षक-खोलीतल्या बोर्डाचा पाठवतं, कुणी वर्गात चिकटवलेल्या कागदाचा. प्रत्येकाला त्याचा दिवस आणि तासिकेप्रमाणे नीट तक्ता हवा असतो, कुठल्या तासाला कुठला विषय आणि कोण शिक्षक हे दाखवणारा. तक्ता तयार होतो, पण तो चुकतो, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी चुकतो. म्हणून मी तपासणीचा क्रम इथे लिहून ठेवतो आहे.

आधी लक्षणं ओळखा

पहिल्या चार तासिका बरोबर असतात, मधल्या सुट्टीनंतरचं मात्र सगळं एक घर पुढे किंवा मागे गेलेलं असतं. विषयाखाली भलत्याच शिक्षकांचं नाव दिसतं, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या तासाला भूगोलाच्या मॅडम. सोमवार ते शुक्रवारातला एखादाच दिवस बिघडलेला असतो आणि बाकीचे चार ठीक असतात. शनिवारी चौथ्या तासिकेच्या जागी 'सुट्टी' येते. किंवा दहावीसारख्या वर्गाला शेवटचा तास रिकामा दिसतो, जो खऱ्या वेळापत्रकात कधीच रिकामा नसतो.

यातलं एक जरी दिसलं, तरी त्या तक्त्यावरून बदली तासिका लावू नका. गेल्या वर्षी एका शाळेतून मॅडमचा फोन आला होता. "सर, दहावी बला बुधवारी शेवटचा तास ऑफ दिसतोय, म्हणून मी मुलांना ग्रंथालयात पाठवलं. तिकडे भोसले सर मैदानावर शिट्टी घेऊन उभे." त्याच तक्त्यावरून पुढची सगळी उकल करून दाखवतो.

फुकटची तपासणी: मूळ फाइल आहे का?

फोटोवर मेहनत घेण्याआधी एक फोन करा. वेळापत्रक बहुतेक वेळा शाळेच्या ऑफिसात किंवा बाजारातल्या डीटीपीवाल्याकडे टाइप झालेलं असतं. तिथे फाइल मिळाली तर पुढचं निम्मं काम वाचतं. एक अडचण मात्र येऊ शकते. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर मजकूर कॉपी केल्यावर अगम्य चिन्हं येतात. तरी ती घ्याच. अक्षरं पुन्हा टाइप करावी लागली तरी चौकोन जागेवर असतात, आणि या कामात अक्षरांपेक्षा चौकोनच जास्त दगा देतात.

त्याच फोनवर 'कधीपासून लागू' हेही विचारा. शाळा सुरू झाल्यावर आधी तात्पुरतं वेळापत्रक लागतं आणि पक्कं नंतर येतं. भिंतीवर पुष्कळदा दोन्ही असतात. कागदाच्या वरच्या कोपऱ्यातली ती तारीख फोटोत आली नसेल, तर तुम्ही जुनं वेळापत्रक अगदी बिनचूक उतरवत बसाल.

पाच मिनिटांची तपासणी: फोटो

बोर्डाला काच असेल तर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका दोन-तीन चौकोनांवर येतो. ट्यूब बंद करून खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत आणि फोन कागदासमोर सरळ हवा. तिरप्या फोटोत डावीकडची सोमवारची ओळ उजवीकडे जाता जाता मंगळवारच्या उंचीवर पोचते, आणि मजकूर ओळखणारं साधन दोन्ही दिवस मिसळतं. अशा वेळी शेवटच्या दोन तासिका शेजारच्या दिवसाच्या दिसतात.

व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना `Document` म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. त्यात 'सौ.'चा टिंब आणि 'वि-१'मधली रेघ सगळ्यात आधी जाते, आणि आपल्याला पुढे नेमकी त्यांचीच गरज पडते.

कागद-पेन्सिलची तपासणी: बोटाने मोजा

मजकूर काढण्याआधी फोटो मोठा करून तीन आकडे लिहून घ्या: सोमवार ते शुक्रवार रोज किती तासिका, शनिवारी किती, आणि सुट्टीचे उभे रकाने किती व कुठे. आपल्या उदाहरणातल्या दहावी बच्या कागदावर रोज ८ तासिका होत्या आणि शनिवारी सकाळच्या सत्रात ५. आठवड्याच्या झाल्या ४५. मधली सुट्टी चौथ्या तासिकेनंतर आणि छोटी सुट्टी सहाव्यानंतर.

हा ४५चा आकडा तक्ता पूर्ण होईपर्यंत समोर ठेवा. तो नसेल तर तक्ता भरलेला दिसला की आपल्याला तो बरोबर वाटतो.

खरी जागा: सुट्टीचा उभा रकाना

बहुतेक जण फोटो गूगल ड्राइव्हवर टाकून `Open with` मधून `Google Docs` मध्ये उघडतात. मजकूर बऱ्यापैकी येतो, पण तक्ता म्हणून येत नाही. ओळीच्या ओळी येतात, शब्दांमध्ये नुसती मोकळी जागा असते आणि रिकामा चौकोन असेल तर त्याची खूणही उरत नाही. मग त्या ओळी शीटमध्ये चिकटवून `Split text to columns` ने, `Space` निवडून, घरं पाडली जातात. गडबड इथे सुरू होते.

छापील वेळापत्रकात सुट्टीचा रकाना अरुंद असतो, म्हणून 'मधली सुट्टी' त्यात उभी छापतात, एकाखाली एक. आता अक्षरं मोजा: म, ध, ली, सु, ट्टी. पाच अक्षरं आणि सोमवार ते शुक्रवार पाच ओळी. त्यामुळे प्रत्येक दिवसाच्या वाट्याला बरोबर एक अक्षर येतं आणि ते तासिकेसारखंच एक घर अडवतं. सोमवारी चौथ्या तासानंतर 'म' नावाचा विषय, मंगळवारी 'ध'. हे डोळ्याला लगेच खुपतं, म्हणून माणूस तो अख्खा कॉलम काढून टाकतो, आणि इथपर्यंत सगळं ठीक असतं.

छोट्या सुट्टीचं मात्र तसं नाही. छो, टी, सु, ट्टी. चारच अक्षरं आणि ओळी पाच. दोन शब्दांमधली मोकळी जागा बुधवारच्या ओळीत येते. म्हणजे सोमवारी 'छो', मंगळवारी 'टी', बुधवारी काहीच नाही, गुरुवारी 'सु', शुक्रवारी 'ट्टी'. रिकाम्या जागेची खूण राहत नाही, हे वर पाहिलंच. त्यामुळे इतर दिवसांच्या ओळीत १० घरं येतात आणि बुधवारच्या ओळीत ९. मंगळवार आणि बुधवार एकाखाली एक ठेवून पाहा:

```
मंगळ: इंग्रजी | ग-२ | मराठी | वि-२ | ध | इति | हिं/सं | टी | ग-१ | वि-१
बुध:   मराठी | इंग्रजी | ग-१ | वि-१ | ली | हिं/सं | इति | भूगोल | शा.शि.
```

आठव्या घरात मंगळवारी 'टी' आहे आणि बुधवारी भूगोल. मॅडमनी सुट्टीचा कॉलम म्हणून आठवं घर सगळ्या ओळींतून काढलं आणि त्याबरोबर बुधवारची खरी सातवी तासिका गेली. आठवा तास, म्हणजे शारीरिक शिक्षण, सातव्यावर सरकला आणि आठवं घर रिकामं झालं. मुलं ग्रंथालयात गेली ती यामुळे.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. कॉलम काढण्याआधी सगळ्या ओळींची घरं सारखी करा. विषयांच्या ओळी `B` पासून सुरू होत असतील तर जास्तीची घरंही मोजली जावीत म्हणून थोडी जागा सोडून `Q` मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=COUNTA(B2:P2)
```

सोमवार ते शुक्रवार १० यायला हवेत. बुधवारी ९ आले, म्हणून फोटो उघडून बुधवारच्या सहाव्या तासिकेनंतर हाताने 'सुट्टी' लिहायचं आणि पुढची दोन घरं उजवीकडे सरकवायची. पाचही ओळी १०वर आल्या की मगच सुट्टीचे दोन्ही कॉलम काढा.

१०पेक्षा जास्त घरं आली तर कारण उलट असतं. 'शा. शि.' मधल्या मोकळ्या जागेमुळे एका विषयाची दोन घरं होतात. शिक्षकांच्या ओळीत 'जा / कु' ची तीन होतात. घरं पाडण्याआधीच `Find and replace` ने ही लघुरूपं जोडून घ्या: 'शा.शि.', 'जा/कु'. या दोन चुका एकाच ओळीत आल्या, एक घर वाढलं आणि एक कमी झालं, तर बेरीज १०च येते आणि चूक लपते. म्हणून आकडा जुळला तरी प्रत्येक ओळीतली सुट्टीची अक्षरं पाचव्या आणि आठव्या घरातच आहेत ना, हे एकदा डोळ्यांनी पाहा.

जोड तासिका असेल तर तिचाही विचार इथेच करा. चित्रकलेचे सलग दोन तास एका लांब चौकोनात छापलेले असतात आणि मजकुरात 'चित्रकला' एकदाच येतं. ते दोन घरांत दोनदा लिहा.

शनिवार वेगळा काढा

शनिवारची ओळ त्याच तक्त्यात असते, पण ती वरच्या रकान्यांना जुमानत नाही. सकाळची शाळा, वेगळ्या वेळा आणि सुट्टी तिसऱ्या तासिकेनंतर. उभी 'मधली सुट्टी' शुक्रवारी संपते, म्हणून शनिवारी त्या रकान्याखालचा चौकोन मोकळा असतो आणि टाइप करणारा त्यात चौथी तासिका बसवतो. आपल्या कागदावर ओळ अशी होती:

```
शनि: वि-२ | मराठी | इंग्रजी | सुट्टी | ग-२ | ज.सु.
```

पाचवा कॉलम काढला की इथला ग-२ जातो आणि चौथ्या घरात 'सुट्टी' उरते. पाचवी तासिका मात्र योगायोगाने पाचव्याच घरात बसते, त्यामुळे ओळ पटकन संशयास्पद वाटत नाही. म्हणून शनिवारची ओळ सुरुवातीलाच कापून दुसरीकडे ठेवा, तिथली सुट्टी हाताने काढा आणि पाच तासिका झाल्यावर परत आणा. सहा, सात, आठ ही घरं तिथे रिकामी राहणारच. परळी खोऱ्यातून एसटीने येणाऱ्या मुलांसाठी काही शाळा शनिवारची वेळ थोडी पुढेमागे करतात. म्हणून घड्याळाच्या वेळा शनिवारच्या ओळीजवळ वेगळ्या लिहा. वरच्या मथळ्यातल्या वेळा शनिवारला लागू पडत नाहीत.

शिक्षकांची ओळ साक्षीदार म्हणून वापरा

आपल्या कागदावर प्रत्येक चौकोनात वर विषय आणि खाली शिक्षकांचं लघुनाव होतं. मजकूर काढल्यावर दर दिवसाच्या दोन ओळी होतात. सुट्टीची उभी अक्षरं या फोटोत विषयांच्या ओळीत गेली होती, शिक्षकांची ओळ स्वच्छ होती: रोज ८, शनिवारी ५. कधी नेमकं उलट होतं. पण एक ओळ तरी बहुधा शाबूत राहते आणि दुसरीची चूक दाखवून देते.

यासाठी एकाच फाइलमध्ये 'विषय' आणि 'शिक्षक' अशी दोन पानं करा आणि दोन्हींत तीच घरं ठेवा. मग तिसऱ्या पानावर `B2` मध्ये हे लिहून सगळीकडे ओढा:

```
='विषय'!B2&" / "&'शिक्षक'!B2
```

हाच तुमचा शेवटचा तक्ता. एका वर्गात एका विषयाला साधारण एकच शिक्षक असतात. त्यामुळे 'भूगोल / गा' आठवड्यात दोनदा आणि 'शा.शि. / गा' एकदा दिसलं, तर तिथे विषय सरकलेला आहे. मॅडमच्या तक्त्यात बुधवारी सातव्या तासाला हेच होतं, आणि आठव्या घरात विषय नसताना 'भो' एकटेच उभे होते. ही तपासणी त्या सकाळी झाली असती तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

लघुरूपांचा खुलासा कागदाच्या तळाशी असतो आणि फोटो काढताना लोक नेमका तोच कापतात. तो मागवाच, कारण अंदाजाने भरलेलं लघुरूप पुढे कुणालाच चूक वाटत नाही. 'इ.' म्हणजे इंग्रजी की इतिहास? हस्तलिखित कागदावर 'वि-१' मधला १ फोटोत ९ वाचला जातो. आणि आपल्याकडचा कायमचा प्रश्न म्हणजे पाटील. आमच्या भागात एका शाळेत तीन पाटील असणं साधी गोष्ट आहे. कागदावर ते 'सौ.पा', 'पा' आणि 'पा.आर.' असतात, आणि फिकट फोटोत तिघांचाही 'पा' होतो. मी उतरवतानाच त्यांना पा१, पा२, पा३ असे संकेत देतो आणि कोण कोणता हे वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो.

आठवड्याची बेरीज

आता सुरुवातीचा ४५ काढा. पूर्ण विषय-पानावर `COUNTA(B2:I7)` घेतला तर मॅडमच्या तक्त्यात ४४ आले. खरं तर ४३ यायला हवे होते, कारण बुधवारचा भूगोल आणि शनिवारचा ग-२ असे दोन तास गेले होते. शनिवारच्या चौथ्या घरातली 'सुट्टी' तासिका म्हणून मोजली गेली. म्हणून एकूण बेरजेवर थांबू नका, विषयवार मोजा:

```
=COUNTIF('विषय'!B2:I7,"भूगोल")
```

दहावी बची विषयवार वाटणी अशी होती: इंग्रजी ७, मराठी ५, हिंदी/संस्कृत ४, गणिताच्या दोन्ही भागांना ४-४, विज्ञानाच्या दोन्ही भागांना ४-४, इतिहास ३, भूगोल ३, शारीरिक शिक्षण, चित्रकला आणि जलसुरक्षा २-२, ग्रंथालय १. तक्त्यात भूगोल २ आणि ग-२ चे ३ आले. कुठले दोन तास हरवले ते लगेच कळलं. ही वाटणी वर्गशिक्षकांना किंवा पर्यवेक्षकांना पाठ असते, फोनवर विचारली तरी चालते.

सगळ्यात मेहनतीची तपासणी: इतर वर्गांशी पडताळा

एका वर्गाचा तक्ता स्वतःशी जुळला तरी शिक्षकांचं नाव चुकलेलं असू शकतं. ते दुसऱ्या वर्गाशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक वर्गाचं शिक्षक-पान सारख्याच घरांत असेल, तर एखाद्या तासाला एक शिक्षक दोन वर्गांत दिसतात का ते असं पाहता येतं. गुरुवारची दुसरी तासिका, `C5`:

```
=COUNTIF('१०ब'!C5,"*पा२*")+COUNTIF('९अ'!C5,"*पा२*")
```

उत्तर २ आलं की थांबून फोटो बघा. आमच्या शाळेत असा २ आला तेव्हा नववीच्या कागदावरचा 'सौ.' व्हाइटनरखाली गेलेला निघाला. तिथे पा२ नव्हते, पा१ होत्या.

पण प्रत्येक २ म्हणजे चूक नसते. संस्कृत घेणारी १० अ आणि १० बची मुलं एकाच खोलीत बसतात आणि शिक्षक एकच असतात. दोन्ही वर्गांत त्याच तासाला 'हिं/सं' असेल, तर ती जोड तासिका आहे, तिला हात लावू नका.

इथे थांबा आणि वेळापत्रक करणाऱ्यांना विचारा

विषयांची बेरीज जुळते आणि तरीही शिक्षक दोन वर्गांत दिसतात, मूळ कागदावरही तसंच आहे, तर चूक तुमच्या उतरवण्यात नाही. ती वेळापत्रकातच आहे, किंवा तोंडी झालेला बदल कागदावर आलेला नाही. ती फक्त वेळापत्रक तयार करणारे शिक्षक किंवा पर्यवेक्षक सोडवू शकतात, कारण सगळ्या वर्गांचा आणि शिक्षकांचा एकत्र तक्ता त्यांच्याकडे असतो. आपल्या मनाने नाव बदललं तर एका ठिकाणची टक्कर मिटते आणि तिसऱ्या वर्गात नवी उभी राहते.

व्हाइटनर किंवा पेनने केलेली दुरुस्ती वाचता येत नसेल, किंवा तात्पुरतं कुठलं आणि पक्कं कुठलं हे तारखेवरूनही ठरत नसेल, तेव्हाही तिथेच थांबा. आणि वीस-पंचवीस तुकड्यांचे फोटो एकदम आले असतील तर एकेक सोडवत बसू नका. ऑफिसातून मूळ फाइल किंवा तो एकत्र तक्ताच मागवा, नाहीतर टाइप करणाऱ्याला पैसे देऊन काम करून घ्या.

विचारताना 'वेळापत्रक चुकलंय' एवढंच कळवू नका. वार, तासिका, दोन्ही वर्ग आणि दोन्ही घरांत काय दिसतं, एवढं लिहा आणि त्या दोन चौकोनांचे जवळून काढलेले फोटो जोडा: "गुरुवार, दुसरी तासिका, १० ब आणि ९ अ, दोन्हीकडे पा२. ९ अच्या कागदावर व्हाइटनर आहे." असा निरोप गेला की आमच्याकडे मधल्या सुट्टीच्या आत उत्तर येतं.